बॅटरीचा मीटर शून्यावर

मी चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की वल्लरी मॅडमनी राईचा पर्वत केला. आई म्हणते, तुझ्या नाकावर राग भाड्याने राहत नाही, मालकीच्या घरात राहतो. असेल. पण त्या आठवड्यात मी चिडायला हवं होतं तेव्हा चिडले नाही, आणि तेवढीच गोष्ट मला स्वतःला माफ करता येत नाही.

मी विचुंब्याजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवत होते. पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल. तीन वर्षं, कॉन्ट्रॅक्टवर. खांदा कॉलनीतून स्कूटीने दहा मिनिटं. याच कॉलेजात मी शिकले, आणि ज्यांनी मला शिकवलं ते कृष्णकांत सरच तिथे आमचे एचओडी. मला ते सगळ्यांसमोर ‘आमची लेक’ म्हणतात. म्हणत होते.

आता मनस्वी. आपटा गावाकडची पोरगी, आगरी. बाप निकेशशेठ, जमीन विकून बिल्डर झालेला, विचुंब्यात दोन बिल्डिंगी उभ्या. त्याने तिला सिव्हिलला घातली. का, तर उद्या साइटवर बसायला घरचं माणूस पाहिजे. ॲडमिशनच्या वेळी मला म्हणाला होता, “मॅडम, पोर हुशार हाय, पन वायरींच्या नादी लावू नका.” मी हसले होते. आणि मीच तिला नादी लावलं.

झालं असं की दुसऱ्या सेमिस्टरला सुपरपोझिशनचं प्रॅक्टिकल होतं. एका सर्किटमध्ये दोन सोर्स असले तर काय करायचं? एकाला गप्प बसवायचं, दुसरा एकटा किती करंट देतो ते मोजायचं. मग त्याला गप्प बसवून पहिल्याला बोलू द्यायचं. शेवटी दोन्ही करंटची बेरीज. दोघं एकत्र असताना येणारा करंट तेवढाच. शाळेतल्या पोराला कळेल असं प्रकरण आहे. फक्त गप्प बसवायची पद्धत वेगळी. व्होल्टेज सोर्स काढला की त्याच्या जागी साधी वायर जोडायची. करंट सोर्स काढला की ती जागा उघडी सोडायची.

आमच्या टेबलावर बारा व्होल्टचा सप्लाय, पोरं त्याला बॅटरीच म्हणतात. त्याला लागून दोन किलोओहमचा रेझिस्टर, पुढे चार किलोओहमचा लोड, आणि लोडच्या डोक्यावर तीन मिलिॲम्पिअर ढकलणारा करंट सोर्सचा डबा. बॅटरी एकटी असताना लोडमध्ये दोन मिलिॲम्पिअर. डबा एकटा असताना एक. दोघं मिळून तीन. मीटरवर तीन आले, पोरांनी टाळ्या वाजवल्या, जर्नलात लिहून मोकळी झाली आणि वडापाव खायला पळाली.

मनस्वी थांबली. तिने एक मीटर उपटून बॅटरीच्या बाजूला लावला होता, कुणी सांगितलं नसताना. तिथे आकडा शून्य.

“मॅडम, बॅटरी मेली का?”

“नाही गं.”

“मग झिरो कशाला दाखवते? एकटी होती तवा तर दोन देत होती.”

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, बघ, बॅटरीला दोन पुढे ढकलायचेत. डबा एकटा असताना त्याच्या तीनपैकी एक लोडमध्ये जातो, दोन उलटे बॅटरीच्या वाटेने येतात. दोन पुढे, दोन मागे. शिल्लक काय? शून्य. बॅटरी जिवंत आहे, बारा व्होल्ट दाखवतेय, पण देत काहीच नाही. लोडचा सगळा भार एकटा डबा वाहतोय.

“म्हंजे बॅटरी नुसती उभी हाय.”

“नुसती उभी आहे.”

ती इतकी हसली की पाणी आलं डोळ्यात. “आमच्या काकासारखी. घरात एकटा असला का वाघ, आजा आला का गप.”

मग मीही चेकाळले. सांगितलं, आता पॉवर काढ. बॅटरी एकटी असताना लोडमधली पॉवर सोळा मिलिवॉट. डबा एकटा असताना चार. बेरीज?

“वीस.”

“मोज.”

लोडवर बारा व्होल्ट, तीन मिलिॲम्पिअर. छत्तीस. पोरीचं तोंड उघडं ते उघडंच. मी वहीवर लिहून दाखवलं: पॉवर करंटच्या वर्गावर चालते. दोनचा वर्ग चार, एकचा एक, बेरीज पाच. पण तीनचा वर्ग नऊ. म्हणून करंटची बेरीज कर, व्होल्टेजची कर, पॉवरची कधी करू नकोस. पॉवर शेवटी एकदाच काढायची, एकूण करंटवरून. मग लोड काढून तिथे लाल एलईडी लावली. बॅटरी एकटी: पाच. डबा एकटा: दोन. दोघं मिळून सात यायला हवेत, आले आठ. का? तर एलईडी सरळमार्गी नाही, दुप्पट दिलं तर दुप्पट घेईल असं तिचं नाही. तिच्यापुढे हा नियमच चालत नाही.

“मॅडम,” ती म्हणाली, “मना ह्येच शिकायचाय. सिव्हिल नाय.”

ब्रँच बदलून मिळते आमच्याकडे. पहिल्या वर्षात एकही विषय राहता कामा नये आणि बेसिक इलेक्ट्रिकलला साठ मार्क पाहिजेत. यंदा इलेक्ट्रिकलची एकच जागा रिकामी होती. मनस्वीने बापाशी दोन महिने भांडून त्याच्याकडून वदवून घेतलं: साठ पडले तर जा, नाही पडले तर तोंड बंद करून साइटवर ये. आगऱ्याचा शब्द. त्याने दिला म्हणजे दिला.

तिला चौपन्न पडले.

उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी घेऊन ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा रडत नव्हती. फक्त पाचव्या प्रश्नावर बोट ठेवलं. आठ मार्कांचा प्रश्न. तेच सर्किट, फक्त किलोओहमच्या जागी ओहम आणि मिलिॲम्पिअरच्या जागी ॲम्पिअर. ‘सुपरपोझिशनने लोडमधला करंट आणि पॉवर काढा.’ तिने तीन ॲम्पिअर आणि छत्तीस वॉट लिहिलं होतं. खाली ताळाही केला होता: करंट सोर्स बारा व्होल्टवर तीन ॲम्पिअर देतो, छत्तीस, बॅटरी शून्य, जमा झालं. तपासणाऱ्याने सगळ्यावर आडवी रेघ मारून दोन मार्क दिले होते. तिला साठ व्हायला बरोबर सहा कमी होते. तेच सहा.

मी मॉडेल आन्सर काढून बघितलं. सोळा अधिक चार. वीस वॉट. खाली दोन सह्या: पेपर काढणारा निनाद, आणि तपासून मंजूर करणारे कृष्णकांत सर.

माझ्या तोंडून शिवी गेली. मनस्वीसमोर.

“मॅडम, माझा बरोबर हाय ना?” तिने विचारलं.

“शंभर टक्के. तू अर्ज टाक. तुझे सहा मार्क मी आणून देते.” असं म्हणाले मी. शब्द दिला. आगऱ्याचा नसेल, पण शब्दच.

निनादबद्दल सांगायला हवं. आम्ही एकाच बॅचचे. तो कायम झाला, मी लटकलेली, पण जेवणाचा डबा रोज एकत्र. त्याला कँटीनमध्ये गाठलं आणि कागद त्याच्या मिसळीशेजारी आपटला. त्याने बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“च्यायला! वलू, घाईत केलं गं. त्या दिवशी तीन पेपर सेट करायचे होते. माझीच चूक आहे.”

“तक्रार समितीत हे बोलशील?”

“बोलणार म्हणजे काय! शुक्रवारी पाचला ब्रँचची लिस्ट लागते ना? बुधवारी मीटिंग आहे, मीच तोंड उघडतो. तू काही बोलूही नकोस.”

मला इतकं बरं वाटलं की त्याच्या मिसळीचे पैसे मीच दिले. गाढव.

मग सरांच्या केबिनमध्ये गेले. सर एकटेच होते, चष्मा कपाळावर. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, हसले. “वल्लरी, ह्या चुकीवर मी तुला वर्गाबाहेर काढलं होतं, आठवतं?”

आठवत नाही कसं! तेरा वर्षांपूर्वी हेच गणित, सरांचं लाडकं. निनादने ते तिथूनच उचललेलं. मी वीस वॉट लिहिलं होतं आणि सरांनी लाल पेनाने काट मारून बाजूला लिहिलं होतं: ‘पॉवरची बेरीज करणाऱ्याने परत वर्गात येऊ नये. सोर्स किती देतात ते आधी मोज.’ ती वही माझ्याकडे अजून आहे. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी ती माळ्यावरून काढली, धूळ झटकली, पिशवीत घातली. केबिनमध्ये मात्र एवढंच विचारलं:

“सर, पोरगी बरोबर आहे ना?”

“अगं बरोबरच आहे. बुधवारी बघून टाकू. तू काळजी करू नकोस, लेकी.”

निनाद एकटा माझ्या बाजूने. सर एकटे माझ्या बाजूने. मी मनातल्या मनात बेरीज केली. इतकं साधं गणित मी पोरांना शिकवते.

बुधवारी साडेअकराला मीटिंग. डीन वसुंधरा मॅडम अध्यक्ष, त्या केमिस्ट्रीच्या. सर, निनाद आणि विषय शिकवणारी म्हणून मी. आमच्याकडे पद्धत अशी की आत शिरताना क्लार्क शोभाताई एक कागद पुढे करतात: वर तारीख, खाली आपापल्या नावापुढे सही. मधला भाग कोरा. मिनिट्स नंतर टाइप होतात आणि त्याच कागदावर छापल्या जातात, म्हणजे सह्यांसाठी परत सगळ्यांच्या मागे हिंडायला नको. सगळे अशीच सही करतात. तीन वर्षं मीही करत होते. त्या दिवशीही केली, पिशवीतल्या वहीवर टेकवूनच.

वसुंधरा मॅडमनी घड्याळ बघितलं. “सोमवारी मूल्यांकनाची कमिटी येतेय, माझ्याकडे वीस मिनिटं आहेत. काय तक्रार आहे?”

मी निनादकडे बघितलं. तो मोबाइलवर काहीतरी सरकवत होता. मी वाट बघितली. बोल ना रे. त्याने तोंडात मिठाची गुळणी धरलेली. शेवटी मीच सांगितलं, कागद दाखवला, वीस आणि छत्तीस दोन्ही मांडून दाखवले.

“म्हणजे मॉडेल आन्सर चुकलंय?” मॅडमनी सरळ विचारलं. “किती पोरांचे पेपर परत काढावे लागतील?”

“एकशे ऐंशी,” सर म्हणाले. फक्त आकडा. शांतपणे.

एकशे ऐंशी पेपर परत तपासायचे, निकाल नव्याने लावायचा, आणि सोमवारी बाहेरून आलेली माणसं पहिल्यांदा विचारणार की निकाल दोनदा का लावला. हे सगळं मला दिसत होतं. मी बाळ नाही. तरी मला वाटलं, सर आहेत.

“निनाद, पेपर तुम्ही काढलाय. तुमचं म्हणणं?”

निनादने सरांकडे बघितलं. माझ्याकडे नाही. “मॅडम, प्रश्नात ‘सुपरपोझिशनने’ असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे दोन्ही सोर्सची पॉवर वेगवेगळी काढून बेरीज करणं, ही अपेक्षित पद्धत होती. विद्यार्थिनीने पद्धत पाळलेली नाही.”

माझ्या कानात गरम हवा शिरली. “निनाद! पॉवरला सुपरपोझिशन लागू नाही. तू काय बोलतोयस? कँटीनमध्ये तू स्वतः…”

“वल्लरी,” सर म्हणाले. हळू आवाजात, वर्गात बोलायचे तसेच. “पद्धतीचे मार्क असतात. उत्तराचे वेगळे.”

मी वही काढली. टेबलावर त्यांच्यासमोर उघडी ठेवली. तेरा वर्षांपूर्वीची लाल रेघ, त्यांचं अक्षर, खाली त्यांची आद्याक्षरं. “सर, हे तुमचं आहे.”

त्यांनी वाचलं. बघितलं मी, पूर्ण वाचलं. शाईवरून बोटही फिरवलं. मग वही मिटली आणि माझ्याकडे सरकवली.

“तेव्हा सिलॅबस वेगळा होता.”

सिलॅबस! वर्ग केला की दोन आणि एकचे पाच होतात का नऊ, हे सिलॅबसवर ठरतं? मला ओरडायचं होतं. केसाने गळा कापतात म्हणतात ना, तसं. रक्तही दिसत नाही, आणि कापणारा तुम्हाला लेक म्हणतो. मी म्हटलं, चला लॅबमध्ये, दहा मिनिटांत मीटरवर दाखवते. वसुंधरा मॅडम उठल्या. कायम नोकरीतले दोघं एकच सांगतायत म्हटल्यावर, आणि त्यांचा विषय केमिस्ट्री, त्यांनी तरी काय करावं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज सांगणार नाही. दहा मिनिटं त्यांच्याकडेही होती.

बाहेर पॅसेजमध्ये सरांनी मला गाठलं. निनाद तोवर पसार.

“चिडू नकोस. ऐक. सोमवारची कमिटी एकदा जाऊ दे, मग बाहेरच्या परीक्षकाकडून तिचा एकटीचा पेपर तपासून घेऊ. ती जागा मी तोवर धरून ठेवायला सांगतो. माझा शब्द.”

“सर, लिस्ट शुक्रवारी लागते.”

“मी सांगतो म्हटलं ना? आणि कॉन्ट्रॅक्टच्या फायली माझ्या टेबलावर आहेत, तुझी यंदा वर घातलीय. उगाच लेखी बिखी काही देऊ नकोस आता.”

आता सांगते, माझा राग तिथे कुठे गेला. मी घरी येऊन डीनच्या नावे अर्ज लिहिला होता: ‘मी या निर्णयाशी असहमत आहे.’ पान भरून, ताळ्यासकट. सही करायची तेवढी राहिली. मग मला सरांचा चेहरा आठवला, तेरा वर्षांपूर्वीचा, मला वर्गाबाहेर काढून दहा मिनिटांनी स्वतः बोलवायला आलेला. म्हटलं, ते असं करणार नाहीत. आणि दुसरं जे म्हटलं तेही लिहिते, नाहीतर मीही त्यांच्यातलीच. म्हटलं, फाइल वर आहे. अर्ज मी घडी घालून त्याच वहीत ठेवला.

गुरुवारी मनस्वीने फोन केला. “मॅडम, काय झाला?”

“होतंय. थोडं थांब. सरांनी शब्द दिलाय.”

“तुमी हाव ना? मंग मना टेन्शन नाय.”

शुक्रवारी सव्वापाचला लिस्ट लागली. इलेक्ट्रिकलच्या एका जागेपुढे नाव होतं, दुसऱ्या कुणाचं. त्या पोराचा काहीच दोष नाही; त्याला एकसष्ट होते. मी धावत सरांच्या केबिनला गेले, कुलूप. फोन लावला. तिसऱ्या रिंगला कट. शोभाताईंना विचारलं, जागा धरून ठेवायचं सरांनी काही सांगितलं होतं का? त्या बिचाऱ्या खरंखुरं गोंधळल्या. “नाही हो मॅडम. उलट त्यांनीच दुपारी विचारलं, लिस्ट वेळेवर लागतेय ना.”

मी लॅबमध्ये जाऊन बसले. का कोण जाणे, सर्किट जोडलं. बॅटरी, डबा, लोड. बॅटरीच्या बाजूला मीटर. शून्य. डबा काढला. दोन. परत लावला. शून्य. निनाद कँटीनमध्ये, निनाद मीटिंगमध्ये. निनादचं नाव घेऊन मी बॅटरीला चार शिव्या घातल्या. डबा कोण तेही मला माहीत होतं: सर. सगळी पॉवर त्याचीच. हे जमल्यावर मला जरा बरंसुद्धा वाटलं, की बघा, किती अचूक बसतंय.

दारात मनस्वी उभी होती. किती वेळ, माहीत नाही. हातात एक कागद.

“मॅडम, अर्जाचा उत्तर मिलाला.”

मी हात पुढे केला, पण तिने कागद दिला नाही. स्वतःच वाचला, शाळेत धडा वाचतात तसा, शब्द सुटे करून. “समितीने सर्वानुमते ठरविले की मॉडेल आन्सर योग्य आहे. विद्यार्थिनीचे उत्तर पद्धतीस धरून नाही.” मग कागद उलटा करून माझ्यासमोर धरला. चार सह्या. चौथी माझी. माझी ती लांबट शेपटीची सही, जी मी पिशवीतल्या वहीवर टेकवून केली होती.

“ह्यी तुमचीच ना?”

“मनस्वी, ती आधी घेतात. कोऱ्या कागदावर. मीटिंगच्या आधी. मी आत भांडले गं, विचार कुणालाही…”

“कोनाला इचारू?”

कुणाला? निनादला? सरांना?

“मीटिंग बुधवारी झाली. आज शुक्रवार,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. “मंगारी, मीटिंग झाल्यावर, लिवून दिला का काय? मना पटला नाय, असा?”

वही टेबलावरच होती. त्यातून अर्जाचं टोक बाहेर आलेलं. तिची नजर त्यावर गेली आणि मी, देवाशपथ, मी वहीवर हात ठेवला. ताकाला जाऊन भांडं लपवणारी. तिने हात बाजूला केला नाही. टोकाला धरून कागद ओढला, उघडला, सगळा वाचला. छत्तीस वॉट. ताळा. तिचंच उत्तर माझ्या अक्षरात. खाली सहीची जागा मोकळी.

“सई नाय केली.”

“सरांनी शब्द दिला होता…”

“तुमी पन दिला होता.”

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, दोन-दोनदा. तिचा बाप असणार. साइटवर न्यायला आला असेल, नाहीतर नुसता घरी. तिने माझा अर्ज घडी घालून परत वहीवर ठेवला, नीट, कडेला कड लावून. मग तिचं लक्ष सर्किटकडे गेलं. बॅटरीला अजून मीटर लागलेला होता, शून्य दाखवत. ती वाकून बघत राहिली. मला वाटलं आता रडेल, आणि खरं सांगते, ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिने हात लांब करून डबा बंद केला आणि त्याची वायर उपटली. मीटर सरकला. दोन.

“एकटी हाय तवा देते,” ती म्हणाली. “मना वाटला व्हता, तुमी डबा हाव.”

आणि गेली. मी हाक मारली, जिन्यापर्यंत गेले. ती वळली नाही.

सोमवारी कमिटी आली, समोसे खाऊन गेली. मंगळवारी मी अर्जावर सही करून डीनच्या टेबलावर ठेवला, त्यावर शोभाताईंनी पोचचा शिक्का मारला, आणि महिन्याभराने माझ्या कॉन्ट्रॅक्टचं काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. हे मी फुशारकीने सांगत नाहीये. सही खरी होती, छत्तीस खरे होते, आणि जागा चार दिवसांपूर्वी भरली होती. मनस्वी आता विचुंब्याच्या साइटवर असते. परवा स्कूटीवरून जाताना दिसली, पिवळं हेल्मेट, हातात टेप. मी ब्रेक दाबला. तिनेही मला बघितलं, मान डोलावली, ओळखीच्या कुठल्याही बाईला डोलावतात तशी, आणि टेपचं दुसरं टोक मिस्त्रीच्या हातात दिलं.